कोपर टेकल्यावर करंगळी आणि अनामिकेला मुंग्या का येतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपर टेबलावर टेकून बसलं की शेवटच्या दोनच बोटांना मुंग्या येतात. बाकीची तीन बोटं कशी सुटतात?

कारण या दोन बोटांची संवेदना वेगळ्या नसेतून जाते. तिला अल्नर नर्व्ह म्हणतात. ती मानेच्या अगदी खालच्या भागातून निघते, दंडाच्या आतल्या बाजूने उतरते आणि कोपराच्या मागून वळसा घालून हातात जाते. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांची संवेदना मिडियन नावाच्या दुसऱ्या नसेकडे असते आणि ती कोपराच्या पुढच्या बाजूने, स्नायूंच्या आडोशाने जाते. टेबलावर टेकतो ती बाजू नेमकी अल्नरची.

ही नस तुम्हाला स्वतःलाही चाचपता येते. कोपर अर्धवट वाकवा. आतल्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागतो आणि मागे कोपराचं टोक. या दोघांच्या मध्ये एक खोबण आहे. तिथे बोट हलकेच आडवं फिरवलं तर जाडसर दोरीसारखं काहीतरी बोटाखालून सरकतं. तीच ही नस. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत जो करंट जातो तो हाडाचा नसतो, हिचाच असतो. त्या खोबणीत नसेवर स्नायू नाही आणि चरबीही जवळपास नाही, त्वचा आणि एक पातळ पट्टा एवढंच.

अनामिकेची गंमत अशी की बहुतेकांमध्ये हे बोट दोन नसांनी वाटून घेतलेलं असतं. करंगळीकडची अर्धी बाजू अल्नरची, मधल्या बोटाकडची अर्धी मिडियनची. त्यामुळे "अनामिकेची एकच कड बधिर वाटते" असं कुणी सांगितलं तर तो भास नाही. उलट निदानाला याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो.

दुखायला हवं कोपर, मग त्रास बोटांत का जाणवतो?

कोपरावरच्या त्वचेची जाणीव अल्नरकडे नाहीच, ती दुसऱ्या छोट्या नसांकडे आहे. अल्नर कोपराजवळून जाते ती बोटांचा निरोप घेऊन. वाटेत कुठेही तिला डिवचलं तरी मेंदूला तो निरोप बोटांकडूनच आल्यासारखा वाटतो. म्हणून लोक महिनोन्महिने करंगळीला तेल चोळत बसतात आणि कोपर टेबलाच्या कडेवर तसंच राहतं.

नस दबते म्हणजे आत नेमकं काय होतं?

सुरुवात रक्तपुरवठ्यापासून होते. एका नसेत हजारो तंतू असतात आणि त्यांना रक्त देणाऱ्या अगदी बारीक वाहिन्या नसेच्या आतच असतात. बाहेरून साधारण ३० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब आला तरी या वाहिन्यांमधून रक्त परत जाण्याची गती मंदावते. ब्लडप्रेशर तपासताना दंडावरचा पट्टा याच्या कितीतरी पट दाब देतो, त्यावरून अंदाज येईल की किती थोडक्यात हे घडतं. रक्त अडलं की तंतूंना ऑक्सिजन कमी पडतो आणि हलका स्पर्श ओळखणारे जाड तंतू आधी गप्प होतात. बोटाभोवती कापूस गुंडाळल्यासारखं वाटतं ते यामुळे.

मग तुम्ही कोपर उचलता आणि रक्त परत येतं. उपाशी राहिलेले तंतू भानावर येताना कुणी न बोलावता एकामागून एक संदेश सोडायला लागतात. त्या मुंग्या. म्हणून पुष्कळदा टेकून बसलेलं असताना काही कळत नाही आणि हात सरळ केल्यावर झिणझिण्या सुरू होतात. काही मिनिटांत सगळं थांबतं. इथपर्यंत नसेचं काहीही बिघडलेलं नसतं.

हेच रोज, तासन्‌तास होत राहिलं तर पुढची पायरी येते. प्रत्येक जाड तंतूवर मायलिनचं आवरण असतं, वायरवरच्या प्लॅस्टिकसारखं. दाबाच्या जागी ते विरळ होतं आणि तेवढ्या पट्ट्यात संदेश रेंगाळतो किंवा अडतो. आतला तंतू मात्र शाबूत असतो, म्हणून दाब काढला की आवरण पुन्हा तयार होतं. त्याला काही आठवड्यांपासून दोन-तीन महिने लागतात. "कोपर टेकणं बंद करून पंधरा दिवस झाले, अजून करंगळीचं टोक जड का?" या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

तिसरी पायरी वाईट. आतला तंतूच तुटतो. मग दाबाच्या जागेपासून नवा कोंब फुटून हाताकडे वाढत जावा लागतो आणि त्याचा वेग दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. कोपरापासून तळहाताच्या स्नायूंपर्यंतचं अंतर २५ ते ३० सेंटिमीटर धरलं तर पोहोचायलाच आठ ते दहा महिने जातात. आणि स्नायू वाट बघत कायम थांबत नाही. साधारण वर्ष-दीड वर्ष नसेशी संबंध तुटलेला राहिला की तो पुन्हा कामाला लागण्याची शक्यता फार कमी होते.

मी कोपर कुठेच टेकत नाही, तरी पहाटे मुंग्यांनी जाग येते. असं का?

झोपेत कोपर वाकलेलं असतं म्हणून. माझ्या मते या त्रासातली सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट हीच: कोपर नुसतं वाकवून ठेवलं तरी नस दबते, टेकायची गरज नाही.

खोबणीवरून जाणारा तो पातळ पट्टा एका टोकाला आतल्या उंचवट्याला आणि दुसऱ्या टोकाला कोपराच्या हाडाला चिकटलेला आहे. पट्टा, खाली सांधा आणि मध्ये नस, असा तो बोगदा. त्याचं नाव क्युबिटल टनेल. हात सरळ असताना पट्टा सैल आणि बोगदा गोलसर असतो. कोपर वाकवलं की ही दोन हाडं एकमेकांपासून लांब जातात, पट्टा ताणला जातो आणि बोगदा चपटा होतो. त्याची आतली जागा जवळपास निम्म्यावर येते. शिवाय नस सांध्याच्या मागून वळसा घेत असल्यामुळे वाकवताना तिला सुमारे अर्धा सेंटिमीटर लांब व्हावं लागतं. म्हणजे एकाच वेळी चिरडणं आणि ताणणं.

झोपेत अनेकजण हात उशीखाली किंवा हनुवटीखाली घेऊन कोपर पूर्ण मुडपतात आणि तसेच चार-चार तास राहतात. जागेपणी मुंग्या आल्या की हात हलतो, गाढ झोपेत ती सोय नाही. दिवसा हेच फोन कानाला लावून धरताना घडतं. सगळ्यात वाईट स्थिती म्हणजे गालाला हात लावून, कोपर टेबलावर टेकवून वाचत बसणं: वाकलेलं कोपर, ताणलेली नस आणि खालून डोक्याचं वजन.

हे मानेमुळे असेल का? मला "मणक्यात गॅप" सांगितला आहे.

असू शकतं, पण एमआरआयमध्ये गॅप दिसला एवढ्यावरून नाही. चाळिशीनंतर काहीही त्रास नसलेल्या माणसांच्या मानेच्या एमआरआयमध्येही बऱ्याचदा काही ना काही दिसतं. फरक हातावर शोधायचा असतो.

एक खूण मनगटाजवळ मिळते. अल्नरची बधिरता मनगटाच्या आसपास संपते. बोटांबरोबर मनगटाच्या वर, आतल्या बाजूने कोपरापर्यंत हातही बधिर असेल तर त्रास कोपराच्या वर कुठेतरी आहे, मानेत किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ, कारण तो पट्टा वेगळ्या नसेचा आहे. मान मागे करून त्या बाजूला कलती केल्यावर कळ खांद्यातून हातात उतरत असेल तर मानेवरचा संशय पक्का होतो.

दुसरी खूण हाताच्या पाठीवर. करंगळीच्या मागची, मुठीच्या बाजूची त्वचा सांभाळणारी फांदी मनगटाच्या बरीच वर, पुढच्या हातातच वेगळी होते. ती जागा बधिर असेल तर दाब मनगटात असण्याची शक्यता मावळते. ती अगदी ठीक असून फक्त तळव्याकडून करंगळी बधिर असेल तर मनगटाचा विचार करावा. लांब पल्ला सायकल चालवणाऱ्यांना हँडलवर तळवा दाबून तसं होतं.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील तर हे पान तुमच्यासाठी नाही. तो बहुधा कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटात मिडियन नस दबल्याचा त्रास आहे.

डाव्या हाताला मुंग्या आल्या की हृदयाची भीती वाटते.

कोपर टेकल्यावर येणाऱ्या आणि हात हलवल्यावर जाणाऱ्या मुंग्या हृदयाच्या नसतात. पण हाताबरोबर छातीत दाब, घाम, धाप किंवा जबड्यात दुखणं असेल तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं किंवा हात अचानक लुळा पडणं यासाठीही तेच.

बी-१२ कमी आहे असं निघालं. इंजेक्शनं घेतली की मुंग्या जातील?

बी-१२ खरंच कमी असेल तर ते भरून काढायलाच हवं. आपल्याकडे शाकाहारी लोकांत ही कमतरता भरपूर दिसते. पण तिच्या मुंग्या बहुधा दोन्ही पायांपासून सुरू होतात, एका हाताच्या दीड बोटात बसत नाहीत. मधुमेहाचंही साधारण तसंच, फक्त मधुमेहात नसा आधीच नाजूक झालेल्या असल्याने थोडा दाबही जास्त बाधतो. अहवालातला आकडा सुधारला आणि मुंग्या तशाच राहिल्या तर नवल वाटून घेऊ नका. कोपर कुठे टेकतंय ते बघा.

डॉक्टरांनी कोपराची नस चाचपून अंगावरचे डाग तपासले. ते कशासाठी?

कुष्ठरोगासाठी. प्रश्न ऐकून लोक दचकतात, पण भारतात ही तपासणी न करणं ही चूक ठरेल. या रोगाचे जंतू शरीराच्या थंड भागातल्या नसा पसंत करतात आणि कोपरामागची अल्नर त्वचेच्या लगेच खाली असल्याने तिच्यावर बऱ्याचदा पहिला घाला पडतो. नस जाड, कडक आणि दाबल्यावर दुखरी लागते. जोडीला फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर गरम-गार किंवा स्पर्श कळत नसेल तर संशय पक्का होतो. कोपर टेकणं थांबवून ही नस बरी होत नाही. सरकारी आरोग्य केंद्रात एमडीटी औषधं मोफत मिळतात, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. वेळेत सुरू केली तर हात वाकडा होत नाही.

घरच्या घरी खात्री कशी करायची?

खुर्चीत बसा. कोपर पूर्ण वाकवा, मनगट सरळ ठेवा, कोपर कुठेही टेकवू नका आणि एक मिनिट तसेच थांबा. नेहमीच्याच मुंग्या नेहमीच्याच बोटांत आल्या तर कोपराकडे बोट दाखवायला जागा आहे. दुसरं, खोबणीवर बोटाने हलके टकटक करा. करंगळीत करंट गेला तर तीही खूण. पण दोन्ही चाचण्या निरोगी माणसातही कधीकधी होकारार्थी येतात, म्हणून दुसऱ्या हातावर करून फरक पाहा. आणि टकटक दिवसातून दहा वेळा करत बसू नका. दुखऱ्या नसेला तेही आवडत नाही.

एखादं उदाहरण सांगता येईल का?

समजा, हिशेबाचं काम करणाऱ्या ४३ वर्षांच्या एक बाई आहेत. मार्चअखेरची घाई, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, टेबल उंच आणि खुर्ची बुटकी. डावं कोपर टेबलाच्या सनमायकाच्या कडेवर आणि त्याच हातात फोन. पहिले काही दिवस फोन ठेवला की झिणझिण्या आणि लगेच बऱ्या. तीन आठवड्यांनी पहाटे जाग यायला लागली आणि आता दिवसाही करंगळीचं टोक जड वाटतं.

तपासल्यावर करंगळी आणि अनामिकेची बाहेरची कड मंद, मधलं बोट स्वच्छ, मुठीच्या बाजूची पाठही थोडी मंद. मनगटाच्या वर सगळं ठीक. मान फिरवून काही होत नाही. कोपर वाकवून पाऊण मिनिटातच मुंग्या. बोटांची ताकद दोन्ही हातांत सारखी आणि स्नायू भरलेले. म्हणजे दाब कोपरात आणि प्रकरण सौम्य. नसेतल्या संदेशाचा वेग मोजणारी एनसीव्ही चाचणी लगेच करायची गरज नाही.

आता बदल काय? फोनसाठी इयरफोन. खुर्चीवर उशी घेऊन बैठक उंच, म्हणजे पुढचा हात टेबलावर सपाट पडतो आणि कड कोपराला लागत नाही. रात्री कोपराला टॉवेल. त्यांनी आधी दुकानातून इलॅस्टिकचा कोपरपट्टा आणून घट्ट चढवला आणि त्रास वाढला, कारण पट्टा त्याच खोबणीवर आवळत होता. तो काढून टॉवेल सैल गुंडाळल्यावर दोन आठवड्यांत झोप सलग झाली. दिवसाच्या मुंग्या दीड महिन्यात गेल्या. करंगळीच्या टोकाचा जडपणा सगळ्यात शेवटी, तिसऱ्या महिन्यात उतरला. मायलिनला लागणारा वेळ पाहता हा क्रम अपेक्षितच होता.

टॉवेल कसा बांधायचा?

अंगपुशीचा जाड टॉवेल लांबीने दुमडा, कोपराभोवती दोन वेढे द्या आणि टोक चिकटपट्टीने किंवा क्रेप बँडेजने सैलसर अडकवा. जाड थर कोपराच्या पुढच्या लवणीत आला पाहिजे, म्हणजे झोपेत हात पूर्ण मुडपताच येत नाही. कोपर अगदी काठीसारखं सरळ नको, ३० ते ४५ अंशांचा हलका वाक चालतो. तेवढ्यात नस सैल राहते आणि झोपही लागते. बोटं निळसर पडली किंवा सुजली तर वेढे घट्ट झालेत.

काहींना यात अजिबात झोप येत नाही. त्यांनी छातीजवळ लांब उशी घेऊन त्यावर हात पसरून झोपून बघावं.

नसेचे व्यायाम, मालिश, इंजेक्शन?

सौम्य त्रासात कारण समजून सवय बदलणं हाच मुख्य उपचार. स्वीडनमध्ये झालेल्या एका चाचणीत काहींना फक्त माहिती दिली, काहींना रात्रीचा स्प्लिंट आणि काहींना नस सरकवण्याचे व्यायाम. सहा महिन्यांनी तिन्ही गटांतले बहुतेक लोक सुधारले होते आणि गटागटांत म्हणावा असा फरक नव्हता. म्हणून व्यायाम करायचे तर मुंग्या न येतील इतके हळू करा, न केले तरी बिघडत नाही. खोबणीवर जोरात मालिश मात्र नकोच, तो दाबच झाला. स्टेरॉइडचं इंजेक्शन कार्पल टनेलमध्ये उपयोगी पडतं, कोपराच्या बोगद्यात त्याचा फायदा चाचण्यांमध्ये दिसलेला नाही.

मग घाबरायचं कधी?

मुंग्या येतात-जातात तोवर वेळ हाताशी आहे. ताकद जायला लागली की नाही. कित्येकदा ताकद कमी होते तेव्हा मुंग्या उलट कमी झालेल्या असतात आणि माणूस समजतो की बरं वाटतंय.

बोटं पसरवणारे आणि जुळवणारे हातातले बहुतेक छोटे स्नायू अल्नरवर चालतात. ते थकले की ओंजळीत पाणी घेतल्यावर बोटांच्या फटीतून गळतं. खिशात हात घालताना करंगळी बाहेर अडकते. आमटी-भाताचा घास नीट जुळत नाही, किल्ली फिरवताना चिमटीत जोर लागत नाही.

कागदाची चाचणी करून बघा. दोन्ही हातांच्या अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये, अंगठे सरळ ठेवून, एक कागद धरा आणि दोन्हीकडे ओढा. ज्या हाताचा अंगठा टोकाच्या सांध्यात वाकून कागद धरू पाहतो त्या हाताची अल्नर कमजोर आहे, कारण अंगठा जवळ घेणारा तिचा स्नायू चालत नाही म्हणून दुसऱ्या नसेचा स्नायू मदतीला येतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला हाताच्या पाठीकडचा मांसल भागही दोन्ही हातांत ताडून पाहा. एका बाजूला खोलगट दिसला तर तंतू तुटायला लागून बरेच दिवस झालेत. यातलं काहीही असेल, किंवा बधिरता चोवीस तास राहायला लागली असेल, तर हातांचे सर्जन, ऑर्थोपेडिक किंवा न्यूरॉलॉजिस्ट यांना लगेच दाखवा.

एनसीव्ही नॉर्मल आली. म्हणजे मला काही झालेलंच नाही?

तसं नाही. या चाचणीत नसेला विजेचा हलका झटका देऊन संदेशाचा वेग मोजतात. कोपराच्या भागात तो सेकंदाला ५० मीटरच्या खाली गेला, किंवा पुढच्या हातातल्या वेगापेक्षा १० मीटरहून जास्त घसरला, तर दाब तिथे आहे असं मानतात. पण ज्यांचा त्रास फक्त रक्त अडण्यापुरता आहे त्यांच्यात हात मोकळा असताना वेग नॉर्मलच येणार. शिवाय मोजताना कोपर ७० ते ९० अंशांत वाकवलेलं असावं लागतं. सरळ हातावर नस सैल पडते, त्वचेवरचं अंतर खऱ्यापेक्षा कमी भरतं आणि वेग उगाच कमी दिसतो.

ऑपरेशन लागलं तर काय करतात?

साध्या प्रकारात तो पट्टा कापून बोगदा मोकळा करतात आणि नस जागेवरच ठेवतात. दुसऱ्या प्रकारात नस उचलून कोपराच्या पुढे आणतात, म्हणजे वाकवताना ती ताणली जात नाही. दोन्हींची तुलना केलेल्या चाचण्यांत निकाल जवळपास सारखेच आले आणि नस पुढे आणलेल्यांत जखमेचा संसर्ग जास्त दिसला. म्हणून बहुधा साधं ऑपरेशन आधी सुचवतात. नस वाकवताना उंचवट्यावरून उडी मारून पुढे सरकत असेल किंवा पूर्वीच्या फ्रॅक्चरने कोपर वेडंवाकडं जुळलं असेल तर मात्र ती पुढे आणणं योग्य ठरतं.

ऑपरेशन दाब काढतं, तुटलेले तंतू जोडत नाही. रात्रीच्या मुंग्या अनेकांच्या पहिल्या काही आठवड्यांत कमी होतात, बोटांची जाणीव महिन्यांच्या हिशेबाने परतते आणि ताकदीसाठी वर्षभर थांबावं लागतं. आधीच खोलगट झालेला स्नायू पुन्हा पूर्ण भरेलच असं कुठलाही सर्जन सांगणार नाही.